२४ मुलांचा अभ्यास, एक पोस्टर: काय ठेवायचं, काय काढायचं

बी.एड., एम.एड.चं कृतिसंशोधन म्हणजे साधारणपणे एक वर्ग, एक उपक्रम, पूर्वचाचणी, उत्तरचाचणी आणि शेवटी पाच प्रकरणांचा अहवाल. हाच अभ्यास परिषदेत पोस्टरवर मांडायची वेळ आली की बहुतेक जण त्या पाच प्रकरणांचे पाच चौकोन करतात. प्रस्तावना, उद्दिष्टं, पद्धती, विश्लेषण, निष्कर्ष. प्रत्येक चौकोनात त्या त्या प्रकरणातला थोडा मजकूर, खाली संदर्भसूची, वर लोगोंची रांग. समोर येणारा माणूस मिनिट-दोन मिनिटं थांबतो. तेवढ्यात त्याला कळतं ते इतकंच, की इथे कुणीतरी वाचनावर काहीतरी केलं आहे. काय सापडलं ते कळत नाही.

लहान अभ्यासाच्या पोस्टरमध्ये खरं काम निवडीचं असतं, सजावटीचं नंतर. वर्ग लहान असल्यामुळे एक मोठी सोय होते: प्रत्येक मूल पोस्टरवर दाखवता येतं. हजारो मुलांच्या सर्वेक्षणात ते शक्य नसतं. पण लहान वर्गाची एक अडचणही असते. एका-दोघांच्या फरकाने टक्केवारी उड्या मारते, आणि मग नसलेले निष्कर्ष दिसू लागतात. म्हणून काय दाखवायचं इतकंच काय दाखवायचं नाही हेही ठरवावं लागतं.

हे सगळं एका उदाहरणावर करून पाहू. खालचे आकडे मी समजावण्यासाठी बेतलेले आहेत, कुठल्याही खऱ्या शाळेचे नाहीत. पण सोलापुरात असे वर्ग पुष्कळ आहेत.

## उदाहरणातला अभ्यास

शहराच्या पूर्व भागातली मराठी माध्यमाची शाळा, इयत्ता तिसरी. बऱ्याच घरांत तेलुगू बोलतात, काही घरांत मराठी, थोड्या घरांत कन्नड. बाईंनी ८ आठवडे रोज १५ मिनिटं जोडीवाचन घेतलं. बरं वाचणारं एक मूल आणि अडखळणारं एक मूल शेजारी बसवायचं, दोघांनी एकच उतारा आळीपाळीने मोठ्याने वाचायचा. उपक्रमाआधी आणि नंतर प्रत्येक मुलाने एक मिनिट अनोळखी उतारा वाचला आणि बाईंनी बरोबर वाचलेले शब्द मोजले. वर्गात सुरुवातीला २८ मुलं होती. चौघांची उत्तरचाचणी झाली नाही: दोन कुटुंबं तेलंगणात गावी गेली होती, दोन मुलांनी शाळा बदलली. हातात उरली २४ मुलांची जोडलेली नोंद.

याशिवाय अहवालात पालकांची प्रश्नावली आहे, सहकारी शिक्षकांच्या मुलाखती आहेत, मुलगे-मुलींची तुलना आहे, घरभाषेनुसार तुलना आहे, टी-चाचणीचा तक्ता आहे आणि बाईंची रोजची निरीक्षणवही आहे. पोस्टरवर यातलं किती जाईल? फार थोडं.

## आधी एक वाक्य

संगणकावर पोस्टरची फाईल उघडायच्या आधी एक वाक्य लिहायचं: या अभ्यासात काय सापडलं? "परिणाम अभ्यासला" हे सापडणं नव्हे. वाक्यात क्रियापद हवं, आकडा हवा आणि ज्यांच्याबद्दल बोलतोय ती मुलं हवीत.

हे वाक्य अहवालाच्या निष्कर्षातून उचलू नका, एक्सेलच्या पानावरून काढा. पहिल्या स्तंभात मुलाचा क्रमांक, मग पूर्वचाचणी, उत्तरचाचणी आणि चौथ्या स्तंभात दोन्हींमधला फरक, म्हणजे `A`, `B`, `C`, `D`. पहिल्या ओळीत शीर्षकं, २ ते २५ ओळींत २४ मुलं. उत्तरचाचणी न झालेल्या चौघांना त्यांच्या खाली २६ ते २९ ओळींत ठेवा आणि त्यांचा `D` कोरा सोडा. वजाबाकीचं सूत्र तिथेही ओढलं तर एक्सेल रिकाम्या घराला शून्य धरतो आणि गैरहजर मूल "१४ शब्दांनी घसरलं" असं दाखवतो. ही चूक सहज होते आणि तक्त्यात लक्षातही येत नाही.

मग ही मोजणी:

```
=COUNTIF(D2:D25,">=5")
=COUNTIF(B2:B25,"<20")
=COUNTIFS(B2:B25,"<20",D2:D25,">=5")
=MEDIAN(B2:B25)
=MEDIAN(C2:C25)
```

पहिलं सूत्र किती मुलं निदान ५ शब्दांनी वाढली ते सांगतं. ५ का? तेच मूल त्याच पातळीचा उतारा आज आणि परवा वाचेल तेव्हाही दोन-चार शब्द इकडेतिकडे होतात. त्याहून मोठी वाढ असेल तरच तिला वाढ म्हणायचं, असं बाईंनी चाचण्यांआधीच ठरवून वहीत लिहिलं होतं. हा उंबरठा आकडे पाहून ठरवलेला नसावा. तुम्ही पाहून ठरवला असेल तर पोस्टरवर तसं लिहा.

आपल्या उदाहरणात उत्तर येतं: २४ पैकी १८ मुलं वाढली. मध्यक ३१ शब्दांवरून ४२ वर गेला. इथे थांबलं तर पोस्टर आनंदी होईल आणि अर्धवटही. पुढची दोन सूत्रं सांगतात की सुरुवातीला मिनिटाला २० पेक्षा कमी शब्द वाचणारी ७ मुलं होती आणि त्यांतली फक्त २ वाढली. उरलेल्या १७ पैकी १६ वाढली. म्हणजे उपक्रम ज्यांच्यासाठी मांडला होता, नेमकी तीच मुलं मागे राहिली. मध्यकात हे कुठेच दिसत नाही.

हाच या अभ्यासाचा गाभा आहे. दुसऱ्या कुठल्याही शाळेतल्या शिक्षकाला उद्या जोडीवाचन सुरू करायचं असेल तर हीच गोष्ट कळायला हवी. वाक्य असं होतं: "८ आठवड्यांच्या जोडीवाचनाच्या काळात २४ पैकी १८ मुलांची वाचनगती वाढली, पण सर्वांत मागे असलेल्या ७ मुलांपैकी फक्त २ मुलांची."

यातला "काळात" हा शब्द मुद्दाम आहे. "जोडीवाचनामुळे" असं म्हणता येत नाही, कारण तुलनेला दुसरा वर्ग नव्हता. तिसरीतली मुलं ८ आठवड्यांत एरवीही थोडी पुढे जातात. परिषदेत बारकाईने वाचणारा माणूस सगळ्यात आधी या "मुळे"वर बोट ठेवतो.

मागे राहिलेल्या सात मुलांबद्दल एक बारकावा समजून घ्या, कारण तो तुमच्या बाजूने आहे. कुठल्याही चाचणीत तळाला असलेल्यांत काही मुलं त्या दिवशी नेमकी वाईट वाचलेली असतात. पुन्हा चाचणी घेतली की ती काहीच न करताही थोडी वर येतात. तळातल्या गटाला असा वर सरकण्याचा आयता कल असतो. तरीही इथे सातांपैकी पाच जागच्या जागी राहिली, म्हणून ही गोष्ट लक्ष देण्यासारखी आहे. उलट एखाद्या अभ्यासात "सर्वांत मागची मुलं सर्वांत जास्त सुधारली" असं दिसलं तर जपून लिहावं लागतं, कारण त्यातली काही सुधारणा फक्त या कलाची असू शकते.

आणि २० शब्दांची रेघ? ती आकडे पाहिल्यावर ओढली. तेही पोस्टरवर एका छोट्या ओळीत सांगायचं.

## काढायची कसोटी

आता अहवालातली प्रत्येक गोष्ट उचलायची आणि तिला एकच प्रश्न विचारायचा: ही काढली तर मुख्य वाक्याबद्दल वाचणाऱ्याचा गैरसमज होईल का? होणार असेल तर ठेवा. नसेल तर काढा, तिच्यावर कितीही मेहनत झाली असली तरी.

वाचनाचं महत्त्व सांगणारी प्रस्तावना जाते. परिषदेला आलेल्या शिक्षकाला ते माहीत आहे. त्याऐवजी वर्गाची अडचण दोन ओळींत. उद्दिष्टं आणि शून्य परिकल्पनाही जातात. शोधप्रबंधाला त्यांची गरज आहे, पोस्टरवर मुख्य वाक्यच त्यांची जागा घेतं. टी-चाचणीचा तक्ता काढताना मार्गदर्शक सर कदाचित हरकत घेतील. त्यांना कारण सांगता येतं: ही चाचणी सरासरी फरक शून्य नसावा एवढंच सांगते, फरक कशामुळे पडला ते सांगत नाही, आणि आपल्या निष्कर्षाचा महत्त्वाचा भाग सरासरीत नाहीच. तक्ता सोबतच्या फोल्डरमध्ये ठेवा, कुणी विचारलं तर दाखवा.

पालकांची प्रश्नावली काढणं जड जातं. घरोघर जाऊन भरून घेतलेली असते. पण "पालक समाधानी आहेत" यातून मागच्या सात मुलांबद्दल काहीच कळत नाही. ती दुसऱ्या लेखाची सामग्री आहे.

घरभाषेचा प्रश्न थोडा थांबून पाहायला हवा, कारण सोलापुरात तो हमखास विचारला जातो. २४ मुलांत १५ तेलुगू घरांतली, ६ मराठी, ३ कन्नड. अहवालात भाषेनुसार तीन स्तंभांचा आलेख आहे आणि त्यात कन्नड स्तंभ सगळ्यात उंच दिसतो. तो स्तंभ तीन मुलांवर उभा आहे. एक मूल त्या दिवशी तापाने बसलं असतं तरी चित्र पालटलं असतं. मागच्या सात मुलांकडे पाहिलं तर त्यांत ४ तेलुगू, २ मराठी आणि १ कन्नड घरातलं आहे, म्हणजे वर्गात जसं प्रमाण आहे साधारण तसंच. या आकड्यांवरून भाषेबद्दल एका बाजूने काही म्हणता येत नाही, आणि "भाषेचा संबंध नाही" असंही म्हणता येत नाही. असा आलेख पोस्टरवर लावला की बघणारे सगळं सोडून त्यावरच बोलतात आणि चुकीचं काहीतरी घेऊन जातात. म्हणून आलेख काढायचा आणि वर्गाच्या वर्णनात "घरभाषा: तेलुगू १५, मराठी ६, कन्नड ३" एवढंच ठेवायचं. मुलगे-मुलींच्या तुलनेलाही हेच लागू.

टक्केवारी पूर्ण काढून टाका. २४ मुलांत एक मूल म्हणजे चार टक्क्यांहून जास्त, आणि ७ मुलांत एक मूल म्हणजे चौदा टक्के. "२८.५७ टक्के विद्यार्थ्यांत वाढ" असं लिहिलं की दशांशामुळे ते मोठ्या अभ्यासासारखं दिसतं. "७ पैकी २" हे खरंही आहे आणि पटकन कळणारंही.

आता ज्या गोष्टी लोक काढतात पण काढू नयेत अशा. पहिली, ती चार मुलं. त्यांची पूर्वचाचणी तुमच्याकडे आहे, ती पाहा. आपल्या उदाहरणात चौघांपैकी तिघं २० शब्दांच्या खाली होती. म्हणजे वर्गात मागे असलेली मुलं मुळात १० होती आणि त्यांतल्या तिघांचं काय झालं ते माहीत नाही. ही ओळ पोस्टरवर नसेल तर "२४ पैकी १८" जरा जास्तच चांगलं दिसतं.

दुसरी, उतारा. पोस्टर पाहणारे बहुतेक जण शिक्षक असतात आणि त्यांचा पहिला प्रश्न असतो, "वाचायला काय दिलं होतं?" उताऱ्याची दोन-तीन वाक्यं जशीच्या तशी छापा:

"राधाच्या घरी माग आहे. बाबा सकाळी लवकर माग सुरू करतात. खटखट आवाजाने राधा जागी होते."

एवढ्यावरून पातळी कळते, जोडाक्षरं किती आहेत ते दिसतं, आणि उतारा बाईंनी स्वतः लिहिलेला आहे हेही सांगता येतं. पाठ्यपुस्तकातला धडा चाचणीला दिला तर मुलं तो अर्धा पाठ म्हणतात आणि वाचनगती फुगते. दोन्ही वेळचे उतारे सारख्या पातळीचे होते का, हेही इथेच एका ओळीत.

तिसरी, मर्यादा. "तुलना वर्ग नव्हता, चाचणी घेणाऱ्या आणि शिकवणाऱ्या बाई एकच" हे शेवटी बारीक अक्षरांत लपवू नका. आलेखाच्या अगदी खाली, मजकुराच्याच आकारात लिहा.

निरीक्षणवहीतून एकच नोंद घ्यावी असं मला वाटतं, आणि ती निवडताना मुख्य वाक्याकडे पाहावं. बाईंच्या वहीत तीन वेगवेगळ्या दिवशी लिहिलेलं आहे की मागे असलेल्या मुलांच्या जोडीत पुढचं मूलच बहुतेक वेळ वाचत राहतं, दुसरं नुसतं बोट फिरवतं. हे पुराव्यात मोडत नाही. पण पाच मुलं का हलली नाहीत याचा तो एक धागा आहे. "निरीक्षण" असं स्पष्ट नाव देऊन तो ठेवा.

## आलेख: प्रत्येक मुलाची एक रेघ

या पोस्टरवर आलेख एकच आणि तो मोठा, पोस्टरच्या साधारण निम्म्या भागात. डावीकडे "आधी", उजवीकडे "नंतर", आणि प्रत्येक मुलाची डावीकडून उजवीकडे जाणारी एक रेघ. वर जाणारी, सपाट राहणारी, खाली येणारी. दोन सरासऱ्यांचे दोन खांब काढले तर दिसलं नसतं ते सगळं यात दिसतं.

एक्सेलमध्ये आधी फक्त २४ मुलांच्या ओळी `B` नुसार चढत्या क्रमाने लावून घ्या. क्रम लावताना चारही स्तंभ एकत्र निवडा, नाहीतर एकाचे आकडे दुसऱ्याला चिकटतात. मग `B1:C29` निवडून `Insert` मधून `Line with Markers` घ्या. सुरुवातीला दोन रेघा आणि खाली २८ मुलं असं उलटं चित्र आलं तर `Chart Design` मधलं `Switch Row/Column` दाबा. मग प्रत्येक मुलाची रेघ तयार होते. गैरहजर चौघांचा डावीकडे नुसता एक ठिपका राहतो. त्याचा आतला रंग काढून तो पोकळ करा.

आता रंग. १७ मुलांच्या रेघा फिक्या करड्या. मागच्या ७ मुलांच्या गडद निळ्या किंवा नारिंगी, आणि थोड्या जाड. क्रमाने लावल्यामुळे या सात रेघा यादीत पहिल्या येतात, शोधाव्या लागत नाहीत. लाल-हिरवी जोडी टाळा, काहींना त्या दोन रंगांतला फरक दिसत नाही. बाजूची रंगसूची पुसून टाका आणि रेघांच्या शेजारीच लिहा: "सुरुवातीला २० पेक्षा कमी शब्द: ७ मुलं, २ वाढली". उभा अक्ष शून्यापासून सुरू करा. तो १० पासून सुरू केला तर खालच्या मुलांची छोटी हालचाल मोठी भासते.

रेघांवर हजेरी क्रमांक टाकू नका. एका शाळेच्या एका वर्गात "सर्वांत खालची रेघ" कुणाची हे पालकांनाही ओळखता येईल. त्याच कारणाने पोस्टरवर शाळेचं नाव नको, "सोलापूर शहरातली एक मराठी माध्यमाची शाळा" पुरे. मुलांचे चेहरे दिसणारे फोटोही नकोत. फोटो लावायचाच असेल तर वहीवर फिरणारं बोट, दोन पाठमोरी मुलं, असा. मुख्याध्यापकांची आणि पालकांची परवानगी घेतल्याची ओळ पोस्टरवर असावी.

## मांडणी आणि अक्षरं

आयोजकांच्या पत्रात आकार दिलेला असतो, तो आधी पाहा. ए-झिरो म्हणजे ८४.१ × ११८.९ सेंटीमीटर. पुष्कळदा "३ × ४ फूट" असं लिहिलेलं असतं, म्हणजे ३६ × ४८ इंच. उभं की आडवं हेही विचारून घ्या. पॉवरपॉइंटमध्ये `Design > Slide Size > Custom Slide Size` मध्ये खराच आकार टाका. ही पायरी सुरुवातीलाच करायची. नेहमीच्या स्लाइडवर पोस्टर बनवून नंतर ताणलं की ओळी मोडतात आणि फोटो फाटल्यासारखे दिसतात.

सगळ्यात वर शीर्षक, आणि शीर्षक म्हणजे तुमचं मुख्य वाक्यच, जरा आटोपशीर करून: "जोडीवाचनाच्या ८ आठवड्यांत बहुतेक मुलं पुढे गेली, सर्वांत मागची ७ पैकी ५ मुलं नाहीत". विद्यापीठाकडे नोंदवलेलं लांबलचक औपचारिक शीर्षक खाली लहान अक्षरांत देता येतं. शीर्षकाखाली वर्गाचं वर्णन आणि उपक्रम, मध्ये आलेख, त्याखाली मर्यादा, निरीक्षण आणि "पुढच्या वेळी काय बदलणार". संपूर्ण पोस्टरवर अडीचशे-तीनशे शब्द पुरतात. त्याहून जास्त झाले तर अक्षर लहान करू नका, परत कसोटीकडे जा.

लोगो आणि संस्थेच्या संस्थापकांचा फोटो लावण्याची पद्धत महाविद्यालयांत आहे. त्यांच्यासाठी तळाशी एक पट्टी राखून ठेवा आणि तसं आधीच सांगा. शेवटच्या दिवशी ते शीर्षकाच्या जागेवर येऊन बसतात, तेव्हा शीर्षकच आक्रसतं.

देवनागरीला वर रफार-मात्रा आणि खाली उकार असतात. त्यामुळे ओळींत जागा जास्त लागते, ओळअंतर १.२ ते १.३ ठेवा. फॉन्ट युनिकोडच हवा. मुक्त किंवा नोटो सॅन्स देवनागरी (`Mukta`, `Noto Sans Devanagari`) दोन्ही मोफत मिळतात आणि लांबून स्वच्छ वाचता येतात. आकार साधारण असे ठेवा: शीर्षक ९० पॉइंट, उपशीर्षकं ४८, मजकूर ३२, आलेखावरची अक्षरं २८ च्या खाली नकोत. आलेख एक्सेलमधून आणताना त्याची अक्षरं हमखास १० पॉइंटची राहून जातात, ती वेगळी वाढवावी लागतात.

हे बरोबर जमलं का ते तपासायला एक सोपी युक्ती. पूर्ण पोस्टर एका ए-फोर कागदावर छापून घ्या आणि वाचताना धरतो तितक्या अंतरावर धरा. ३ × ४ फुटांचं पोस्टर ए-फोरवर साधारण सव्वाचार पटीने लहान होतं, म्हणून हातातला हा कागद म्हणजे दीड मीटरवरून दिसणारं पोस्टर. जे कागदावर वाचता येत नाही ते हॉलमध्येही वाचता येणार नाही. ३२ पॉइंटचं अक्षर इथे सातेक पॉइंटचं होतं, वाचता येतं. १८ पॉइंटचं चारचं होतं, आणि ते डोळ्याला लागत नाही.

तोच कागद अभ्यासाशी संबंध नसलेल्या एखाद्या सहकाऱ्याच्या हातात द्या, अर्ध्या मिनिटाने परत घ्या आणि विचारा, "काय सापडलं?" त्यांनी फक्त "जोडीवाचन चांगलं असतं" असं सांगितलं तर शीर्षक आणि रंग पुन्हा पाहायला हवेत. सात मुलांचा उल्लेख आला तर पुढे जा.

## छापताना

सोलापुरात फ्लेक्सची दुकानं भरपूर आहेत आणि दर चौरस फुटावर असतो, ३ × ४ म्हणजे १२ चौरस फूट. चकचकीत फ्लेक्सवर हॉलमधल्या ट्यूबलाइटचा उजेड पडून आलेख दिसेनासा होतो, म्हणून मॅट आहे का विचारा. चारही कडांना दोन इंच मोकळे सोडा. कापताना आणि खिळे किंवा रिंग मारताना तिथला मजकूर जातो.

खरा धोका अक्षरांचा आहे. दुकानातल्या ऑपरेटरला बॅनर कोरलड्रॉमध्ये आणि जुन्या मराठी फॉन्टमध्ये करायची सवय असते. तुमची पॉवरपॉइंट फाईल त्याच्या संगणकावर उघडली आणि तुमचा फॉन्ट तिथे नसला, तर "विद्यार्थी"मधली पहिली वेलांटी सुटते, जोडाक्षर मोडून पाय मोडका उरतो, रफार भलत्या अक्षरावर जातो. म्हणून पीडीएफ घेऊन जा. पीडीएफही कोरलमध्ये "उघडू" देऊ नका, कारण उघडताना अक्षरं पुन्हा जुळवली जातात. तशीच छापायला सांगा. ते जमत नाही म्हणाले तर पूर्ण आकाराला १५० डीपीआय मिळेल अशी चित्रफाईल द्या, म्हणजे ३६ × ४८ इंचाला ५४०० × ७२०० पिक्सेल. चित्रात अक्षरं मोडायला उरतच नाहीत.

छपाईचं बटण दाबायच्या आधी त्याच्या पडद्यावर फाईल मोठी करून स्वतः पाहा. चार जागा पुरेत: "विद्यार्थी", "पूर्व", "प्रत्येक" असे शब्द, "ऱ्या" असलेला एखादा शब्द, आलेखावरचे आकडे, आणि शीर्षकातली "७ पैकी ५". शीर्षकात न वाढलेली पाच आणि आलेखाशेजारी वाढलेली दोन, हे जुळतंय ना ते बोटाने दाखवून मोजा. छापून झालं की गुंडाळूनच आणा. घडी घातलेल्या फ्लेक्सवरची सुरकुती नेमकी आलेखावर राहते.

## पोस्टरशेजारी उभं राहताना

एक पातळ फोल्डर जवळ असू द्या. त्यात काढलेल्या गोष्टी ठेवा: टी-चाचणीचा तक्ता, घरभाषेचे आकडे, दोन्ही उतारे पूर्ण, पालकांच्या प्रश्नावलीचा नमुना. मुलांची नावं असलेलं एकही पान त्यात नको. पोस्टरची ए-फोर प्रत वीस-पंचवीस जणांना पुरेल इतकी घ्या.

कुणी थांबलं की आलेखाकडे हात करून एवढंच म्हणा: "प्रत्येक रेघ म्हणजे एक मूल. करड्या रेघा बघा, वर जातात. निळ्या सात बघा." मग गप्प राहा, त्यांना पाहू द्या.

"तुलना वर्ग का नाही घेतला, मॅडम?" हा प्रश्न येणारच. उत्तर सरळ द्या: शाळेत तिसरीची एकच तुकडी होती, म्हणून वाढ जोडीवाचनामुळे झाली असं आम्ही म्हणत नाही. मागची पाच मुलं या पद्धतीत हलली नाहीत एवढं मात्र दिसतं. "तेलुगू घरच्या मुलांचं काय?" असं विचारलं की फोल्डर उघडा, १५, ६, ३ दाखवा आणि तीन मुलांवरून का बोलत नाही ते सांगा. पुढच्या वर्षी काय करणार असं कुणी विचारलं तर पोस्टरवरच्या शेवटच्या चौकोनात उत्तर आहे: मागच्या मुलांना जोडीत आधी वाचायला लावायचं, पुढच्या मुलाने मागाहून, आणि दर आठवड्याला त्या मुलांचं एक मिनिट वेगळं ऐकायचं.